एक उरला की एक कमी पडला

मला घरचे, दारचे, कंपनीतले, सगळे 'तोंडाळ' म्हणतात. खरंच आहे ते. रिक्षावाल्याशी भांडते, कँटीनवाल्याशी भांडते, सुपा गावातल्या कंपनीत मशीनवरून आलेला पार्ट मापात बसला नाही तर सुपरवायझरच्या तोंडावर सांगते की हा मी पास करणार नाही, काय करायचं ते करा. पण परीक्षेत टेबलाच्या पलीकडे कुणी चष्मा लावून बसलं आणि 'हं, सांगा' म्हणालं की माझी अशी काही बोबडी वळते की बघायलाच नको. जीभ टाळूला चिकटते. येत असलेलं सगळं धुऊन निघतं. बी.एस्सी.च्या गणितातल्या संख्या सिद्धांताच्या प्रात्यक्षिकात, म्हणजे नंबर थिअरीत, मी दोनदा नापास झाले ती अशीच. एकदा घाईघाईत उत्तर चुकलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा उत्तर बरोबर असून तोंडातून शब्दच फुटला नाही म्हणून.

तिसरी खेप शेवटची होती. अभ्यासक्रम बदलला होता, आणि जुन्या पॅटर्नच्या मुलांना ही शेवटची संधी असं कॉलेजच्या फलकावर लावलं होतं. यात राहिलं तर बाकीचे सगळे विषय सुटलेले असूनही पदवी नाही. पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर सोडून द्या. मला बी.एड. करायचं होतं. फळ्यासमोर उभं राहायचं होतं, खडू आपल्या हातात घेऊन, पलीकडून नाही तर अलीकडून. कंपनीत मापं तपासत मी दिवस काढत होते ते या एका विषयापायी. आईला मी सांगितलं होतं की या वेळी सुटणारच. सांगताना आवाज मोठा ठेवला होता. आतून धाबं दणाणलेलं होतं.

आम्हाला हा विषय शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावरच्या. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दरवर्षी पुन्हा मुलाखत. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, पण एका बाबतीत हट्टी. ताळा पाहिल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. शाळेत भागाकाराचा ताळा पाहतात ना, तसाच. 'उत्तर आलं म्हणजे गणित संपलं असं नाही,' त्या म्हणायच्या. 'आलेलं उत्तर परत नेऊन गुणा. बाकी काढा. बाकी हवी ती आली तरच संपलं.' मुलं हसायची. कॉलेजला येऊन ताळे कसले काढायचे! मीही हसले होते. पहिल्यांदा नापास झाल्यावर हसू गेलं, आणि ताळा मात्र अंगात भिनला. आता मला तो पाहिल्याशिवाय चैनच पडत नाही. दुकानदाराने सुट्टे परत दिले तरी मी तिथेच उभी राहून मोजते.

प्रात्यक्षिक दोन दिवस होतं. पहिल्या दिवशी माझ्या मैत्रिणीची बॅच, दुसऱ्या दिवशी माझी. ती जामखेडकडची, लग्न होऊन तिकडेच दिलेली. तिचीही शेवटचीच संधी. आमच्या वर्गातल्या उरलेल्या आम्ही दोघीच. परीक्षा देऊन ती मुक्कामाला केडगावला माझ्या खोलीवर येणार होती. मी कंपनीतून येऊन चहा टाकला होता. दार वाजलं. उघडलं तर ही उभी, डोळे सुजलेले, ओढणीचं टोक दाताखाली धरलेलं.

'गेलं,' ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यात बसली.

मी तिला आत ओढलं, पाणी दिलं. चहा ओतला, तो तिने घेतला नाही. मग हळूहळू निघालं. तिला चिठ्ठीत, आमच्या भाषेत स्लिपवर, आलं होतं असं: एक अशी संख्या शोधा की तिला सतराने गुणलं आणि त्रेचाळीसने भागलं तर बाकी पाच उरेल. आणि ती शोधायची सतराचा इन्व्हर्स काढून. म्हणजे आधी अशी संख्या काढायची की तिला सतराने गुणून त्रेचाळीसने भागलं तर बाकी एक उरते. ती एकदा हाताला लागली की तिला पाचाने गुणायचं, झालं काम.

'मग? सोपं तर आहे,' मी म्हणाले.

'सोपंच हुतं की. म्या केलं. अठरा आलं. सर म्हनले चूक. उत्तर पंचवीस हाय.' ती नाक पुसत म्हणाली. 'लई मोठे सर हायेत गं ते, बाहेरून परीक्षा घ्यायला आलेले. त्यांनी इचारलं, इन्व्हर्स किती? म्या म्हनलं, उणे पाच, म्हंजी अडतीस. ते म्हनले, उणे कुठनं आणलंस? पाच हाय. खोड आन् नीट लिही. म्या खोडलं. पंचवीस लिहिलं. तर म्हनले, आता लिहून काय उपयोग, आधी यायला पायजे हुतं.'

'आणि मॅडम? मॅडम नव्हत्या तिथे?'

'हुत्या की. बाजूच्याच खुर्चीवर.'

'काही बोलल्या नाहीत?'

'त्या कशाला बोलतील? त्यांनी सरांना पानी दिलं.'

तिचा दुसराही प्रश्न अर्धाच झाला होता. म्हणजे या एकावरच तिचं सगळं लटकलेलं. ती रडायची थांबली, मग माझा हात धरून म्हणाली, 'त्या स्लिपा उद्याबी त्याच ठेवनारेत. तुला ती आली ना, तर शानपना करू नको. पंचवीस लिही आन् मोकळी हो. तुजं तरी सुटू दे बाई.'

ती झोपली. मी कागद घेऊन बसले. अठराला सतराने गुणलं, तीनशे सहा. त्रेचाळीस साते तीनशे एक. बाकी पाच. हवी होती तीच. पंचवीसला सतराने गुणलं, चारशे पंचवीस. त्रेचाळीस नव्वे तीनशे सत्त्याऐंशी. बाकी अडतीस. पाचाचा पत्ता नाही. मैत्रीण बरोबर होती आणि सर चूक होते. हे कळून मला आनंद व्हायला हवा होता ना? छे! मला घाम फुटला. सरांचं बरोबर असतं तर बरं झालं असतं. आता मला माहीत होतं, आणि माहीत असून काय करायचं ते माहीत नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. मी देवाला एवढंच म्हणाले की ती स्लिप सोडून कुठलीही दे. अवघडातली अवघड दे, पण ती नको.

सकाळी मैत्रिणीला पुण्याकडून आलेल्या गाडीत माळीवाडा स्टँडवर बसवून मी कॉलेजला गेले. जिना चढताना मी दोनदा पायरीवर बसले. प्रयोगशाळा म्हणजे आमची साधी वर्गखोलीच, समोर फळा, एका बाजूला सरांचं टेबल, त्यावर टॉवेल टाकलेली खुर्ची, पाण्याची बाटली, बिस्किटांची बशी. सर आलेले होते. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, मोठा आवाज. रागीट वगैरे नव्हते हो. उलट हसतमुख. त्याचीच मला जास्त भीती वाटली. चिडका माणूस असता तर निदान मनात चार शिव्या तरी घातल्या असत्या.

मॅडम स्लिपांचा ट्रे घेऊन बाकाबाकाशी येत होत्या. स्लिपा उपड्या ठेवलेल्या. बाकीच्यांपुढे त्या ट्रे धरायच्या आणि मुलगी पाहिजे ती उचलायची. माझ्यापाशी आल्या. ट्रे पुढे केला, पण सगळ्या स्लिपांवर त्यांचा पंजा पसरलेला, आणि एकच अंगठ्याशी बाहेर आलेली. मी वर बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या. मी ती बाहेर आलेली उचलली.

सतरा. त्रेचाळीस. बाकी पाच.

खरं सांगते, मला डोळ्यांपुढे अंधारी आली. स्लिप बदलून मागायची सोय असते, एक गुण कापून. तोही विचार आला. पण हात वर करायला हात तर हलायला हवा! मी नुसती बसून राहिले. शेजारची मुलगी भराभर लिहीत होती, तिच्या पेनाचा आवाज मला हातोड्यासारखा ऐकू येत होता. शेवटी म्हटलं, आलिया भोगासी असावे सादर. निदान करून तरी बघ.

करायचं असं असतं. त्रेचाळीसला सतराने भागलं, दोनदा गेलं, बाकी नऊ. सतराला नवाने भागलं, बाकी आठ. नवाला आठाने, बाकी एक. एक आला की थांबायचं आणि आलो त्या वाटेने उलटं जायचं. एक म्हणजे नवातून आठ गेले. आठ म्हणजे सतरातून नऊ गेले. नऊ म्हणजे त्रेचाळीसातून दोन सतरा गेले. असं बदलत बदलत शेवटी येतं: दोन त्रेचाळीस, त्यातून पाच सतरा वजा, म्हणजे शहाऐंशीतून पंच्याऐंशी, म्हणजे एक. इथेच सगळी मेख. पाच सतरा वजा. म्हणून इन्व्हर्स उणे पाच. उणे आवडत नसेल तर त्यात त्रेचाळीस मिळवा, अडतीस. ताळा पाहिला. अडतीस गुणिले सतरा, सहाशे शेहेचाळीस. त्रेचाळीस पंधरा सहाशे पंचेचाळीस. बाकी एक. अडतीसला पाचाने गुणलं, एकशे नव्वद, त्यातून त्रेचाळीस चोक एकशे बहात्तर गेले, उरले अठरा.

अठरा. पुन्हा अठराच.

आता उत्तर लिहायचं होतं. उत्तराच्या ओळीवर मी पेन टेकवलं आणि दोनाचा आकडा काढला. हो, दोनाचा. पंचवीसातला. पाच लिहायला गेले आणि हात थांबला. मला काही सत्यवादी व्हायचं नव्हतं. मला पास व्हायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. पण पंचवीस लिहिल्यावर खाली ताळा कसा लिहिणार? ताळा लिहिला नाही तर पेन खाली कसं ठेवणार? आणि ताळा लिहिला तर बाकी अडतीस येणार, ती काय डोळे झाकून पाच म्हणून लिहू? कंपनीत मापात न बसलेला पार्ट मी कधी पुढे ढकलला नव्हता. मी तो दोन खोडला. अठरा लिहिलं. खाली ताळा लिहिला, पूर्ण, एकेक पायरी. आणि मग मला इतकी भीती वाटली की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

नाव पुकारलं गेलं. मी सरांसमोर उभी राहिले. मॅडम बाजूच्या खुर्चीवर, मांडीवर रुमाल, त्याची घडी घालतायत, उलगडतायत.

सरांनी पेपर बघितला. 'ही तीच स्लिप का? काल पण एकीने हाच घोळ घातला.' ते हसले. 'उत्तर पंचवीस आहे. आणि हे इथे दोन लिहून खोडलंय. म्हणजे बरोबर वाटेवर होतीस की! खोडलंस कशाला?'

माझी जीभ पुन्हा टाळूला. मागच्या वेळेसारखीच. मी तोंड उघडलं आणि त्यातून हवाच आली.

'बोल ना.'

'सर... ताळा.'

'काय?'

'ताळा पाहिला, सर.'

'अगं, ताळा मी सांगतो तुला.' त्यांनी बिस्किट उचललं. 'सतरा पंचे पंच्याऐंशी. त्रेचाळीस दुणे शहाऐंशी. फरक किती? एक. आला की नाही एक? मग इन्व्हर्स पाच. पाचा पाचा पंचवीस. दोन ओळींचं काम. उणे कुठून आणता तुम्ही मुली, मला कळत नाही.'

आणि गंमत बघा, क्षणभर मला ते पटलं. फरक एकच आहे की! मोठ्या माणसाच्या आवाजात एवढी ताकद असते. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. रात्री चुकलं, आत्ता चुकलं, ताळाही चुकला. मी 'हो सर' म्हणणारच होते. 'हो' ओठावर आलाच होता. मग डोळ्यांपुढे पंच्याऐंशी आणि शहाऐंशी उभे राहिले, आणि मला दिसलं. पंच्याऐंशी शहाऐंशीपेक्षा एकाने पुढे नाही, मागे आहे. पंगतीत लाडू वाटताना शेवटी एक लाडू उरला काय आणि एक माणूस लाडवावाचून राहिला काय, फरक एकाचाच, पण वाढपी मेला ना दुसऱ्यात!

'सर,' मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच तो, कुणीतरी मानगूट धरल्यावर निघावा तसा. 'एक उरत नाहीये. एक कमी पडतोय.'

खोलीत लिहिणाऱ्या मुली थांबल्या. सरांनी बिस्किट बशीत ठेवलं.

'म्हणजे मला येत नाही असं म्हणायचंय तुला?'

'नाही सर.'

'मग?'

मग काय! मला काय माहीत मग! मला पळून जायचं होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांची मान खाली, रुमालाची घडी चालूच. माझ्या मनात आलं, अहो, तुम्हीच शिकवलंत ना? एक शब्द बोला की! त्यांनी पाण्याची बाटली सरांकडे सरकवली.

'फळ्यावर जा,' सर म्हणाले. आता ते हसत नव्हते. 'माझं पंचवीस घे. गुण. बाकी काढ. सगळ्यांना दिसू दे.'

खडू घेतला तर तो हातातच मोडला. दुसरा घेतला. चारशे पंचवीस लिहिलं. खाली त्रेचाळीस नव्वे. आणि मी लिहिले तीनशे सत्त्याण्णव. वजा केले, आले अठ्ठावीस.

'अठ्ठावीस?' मागून सरांचा आवाज. 'ना पाच, ना आणखी काही. हा तुझा ताळा?'

कुणीतरी फिस्सकन हसलं. काल हातात आलेली बाकी अडतीस होती, ही अठ्ठावीस कशी? म्हणजे काल चुकलं? तेवढ्यात रडू फुटलं असतं तर सगळं संपलं असतं. माझी आई म्हणते, घाबरलेल्या माणसाने एका वेळी एकच भांडं घासावं. मी चाळीस नव्वे लिहिले, तीनशे साठ. तीन नव्वे सत्तावीस. बेरीज केली. तीनशे सत्त्याऐंशी. सत्त्याण्णव नाही! मी हाताने पुसलं, फडकं शोधायचं भानच नव्हतं. चारशे पंचवीसातून तीनशे सत्त्याऐंशी. अडतीस.

'अडतीस, सर.'

'हं,' सर म्हणाले. 'आणि अडतीस म्हणजे?'

'त्रेचाळीसला पाच कमी. म्हणजे उणे पाच. पाच उरायला हवे होते, इथे पाच कमी पडतायत.' मी वळलेच नाही. वळले असते तर बोलता आलं नसतं. फळ्याशीच बोलत राहिले. 'आता अठरा घेते. सतरा अठरे तीनशे सहा. तीनशे एक गेले. पाच उरले.'

मी तशीच उभी, खडू धरून. या वेळी मला वाटलं, आता हे उठतील आणि म्हणतील, चालती हो. असं वाटत उभं राहणं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मग पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. मी हळूच मान वळवली. सर माझ्याच पेपरच्या मागे गुणाकार करत होते. पंच्याऐंशी लिहिलं, त्यातून त्रेचाळीस वजा केले, बेचाळीस. त्या बेचाळीसाभोवती त्यांनी गोल केला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

'बेचाळीस,' ते स्वतःशीच म्हणाले. 'एक नाही. उणे एक.' मग मोठ्याने, 'मॅडम, कालच्या त्या मुलीचा पेपर काढा.'

मॅडम उठल्या. गठ्ठ्यात शोधावं लागलं नाही. तो वरच होता.

सरांनी तो बघितला. तिने खोडलेलं अठरा खालून स्पष्ट वाचता येत होतं. 'काल तुम्ही इथेच होता ना?' त्यांनी मॅडमना विचारलं.

'हो सर.'

'तुमच्या लक्षात आलं नाही?'

'नाही सर. लक्ष गेलं नाही.'

सरांनी तिच्या गुणांचा आकडा कापला, नवा लिहिला, बाजूला सही केली. मग माझा पेपर घेतला. माझ्या पेपरवर काय लिहिलं ते मला उलटं दिसत होतं, आणि मी उलटं वाचायचा प्रयत्न करत होते आणि येत नव्हतं. 'जा,' ते म्हणाले. मी हलेना. पास का नापास, हे विचारायचं धाडस कुठून आणू? त्यांनी वर बघितलं, चष्मा काढला. थकलेले डोळे होते त्यांचे. 'अगं, जा. सुटलीस.'

मी बाहेर आले आणि जिन्याखाली जाऊन ओकारी काढली. खोटं कशाला सांगू? चूळ भरली, नळाखाली डोकं धरलं. आनंद कसला, मला नुसता राग येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं. मैत्रिणीला फोन लावला, तर ती गाडीत, आवाज येईना. 'तुझं सुटलं!' मी ओरडले. 'कुनाचं?' ती ओरडली. 'तुझं गं, तुझं! अठराच बरोबर!' पलीकडून गाडीची घरघर आणि मग तिचं हुंदके देणं. शेजारच्या बाईने फोन घेतला आणि मला झापलं, 'काय वंगाळ बातमी दिली वं तिला?'

मॅडम जेवणाच्या सुट्टीत खाली आल्या. सरांचा डबा आणायला निघाल्या होत्या. मला बघून थांबल्या.

'ती स्लिप तुम्ही मला दिलीत,' मी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच. फळ्यापाशी उभी असताना कधीतरी ते माझ्या लक्षात आलं होतं.

त्यांनी मान हलवली. 'काल ती खोडत होती तेव्हाच मी मनात ताळा पाहिला होता.'

'मग बोलला का नाहीत?' आता माझी जीभ चांगली सुटली होती. 'तिला रडताना बघितलंत ना? मी तिला काल रात्री बघितलंय! आणि वर माझ्या खांद्यावर बंदूक? माझी शेवटची संधी होती, मॅडम. मी पंचवीस लिहिलं असतं तर? मी गप्प बसले असते तर?'

'पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे,' त्या म्हणाल्या. 'कायमच्या जागेची. समितीवर तेच आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जागा निघालीय.' मग म्हणाल्या, 'मी बोलायला तोंड उघडलं होतं गं काल. पाणी घ्या सर, असं निघालं.'

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. तोंडाळच मी. पण ते पाणी घ्या सर ऐकलं आणि माझं तोंड मिटलं.

'तू घाबरत नाहीस,' मॅडम म्हणाल्या. 'म्हणून तुला दिली.'

मी घाबरत नाही! मी हात पुढे केला. खडूने पांढरा झालेला, कोपरापासून थरथरणारा. बघा म्हटलं, हे काय आहे. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, थांबवायला म्हणून. पण तो थांबला नाही. त्यांचेही हात तेवढेच कापत होते, आणि आम्ही दोघी तिथे नळापाशी तशाच उभ्या राहिलो.